सगळ्या जगाचं देणं, पण दावा लावायचा कुणी?

मंडळी, पोस्ट लांब आहे. कायद्याचा पेपर देणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

आपल्या अभ्यासिकेत नेट-सेटला विधी विषय घेऊन बसणारी चार-पाच पोरं-पोरी आहेत. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्यावरचा एक प्रश्न त्यांच्या सराव संचांत वेगवेगळे कपडे घालून पुन्हा पुन्हा येतो. ‘पुढील विधाने वाचा व योग्य पर्याय निवडा’ छापाचा. साधारण असा:

विधान 1: जस कोजेन्सच्या नियमाविरुद्ध केलेला करार रद्दबातल असतो.
विधान 2: जस कोजेन्सच्या प्रत्येक नियमातून एर्गा ओम्नेस बंधन निर्माण होतं, पण प्रत्येक एर्गा ओम्नेस बंधन जस कोजेन्स असेलच असं नाही.
विधान 3: एर्गा ओम्नेस बंधनाचा भंग झाला की कोणताही देश दोषी देशाविरुद्ध हेगच्या न्यायालयात खटला चालवू शकतो.

बहुतेक जण ‘तिन्ही बरोबर’वर टिक करतात. तिसरं विधान वाचायला इतकं न्याय्य वाटतं की ते चूक असेल असं मनाला पटतच नाही. बरोबर उत्तर आहे फक्त 1 आणि 2. तिसरं का चूक, हे पाठ करण्यापेक्षा त्यामागचा इतिहास एकदा बघून घ्या, कारण त्या एका विधानावर एक अख्खा देश अडकून पडला होता.

आधी दोन लॅटिन शब्दांचा फडशा पाडू. जस कोजेन्स म्हणजे असा नियम, जो दोन देशांनी आपसात ठरवूनसुद्धा बाजूला ठेवता येत नाही. आपल्या करार कायद्याचं, 1872 च्या, कलम 23 आठवा. दोघांनी राजीखुशीने स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं तरी बेकायदा उद्देशाचा करार टिकत नाही. देशांच्या बाबतीत हेच 1969 च्या व्हिएन्ना करार-संहितेच्या कलम 53 मध्ये आलं. समजा दोन देशांनी तिसऱ्यावर हल्ला करायचा किंवा गुलामांचा व्यापार करायचा असा करार केला, तर तो मुळातच शून्य. (भारत या संहितेत आजही सामील नाही, हेही विधान म्हणून येऊ शकतं.)

एर्गा ओम्नेस म्हणजे ‘सर्वांप्रति’. साधं बंधन दोन देशांमधलं असतं. तुझ्या राजदूताला मी हात लावणार नाही, माझ्या राजदूताला तू लावू नकोस. पण काही बंधनं अशी, की ती सगळ्या जगाला देणं लागतात. एखाद्या देशाने वंशसंहार केला तर ज्यांची माणसं मेली त्यांचंच नाही, तर प्रत्येक देशाचं देणं त्याने बुडवलं असं मानायचं. म्हणजे पहिला शब्द नियम किती घट्ट आहे ते सांगतो आणि दुसरा तो कुणाकुणाला देणं लागतो ते सांगतो. दोन्ही वर्तुळं बरीचशी एकमेकांवर येतात, पण पूर्ण नाही. खुल्या समुद्रासारख्या सामाईक जागांबद्दलचे काही नियम सगळ्यांप्रति असतात, पण म्हणून जस कोजेन्स ठरत नाहीत. म्हणून विधान 2 बरोबर.

आता इतिहास. 1960 साली इथिओपिया आणि लायबेरिया या दोन आफ्रिकी देशांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. विषय होता नैऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने तो दक्षिण आफ्रिकेकडे सांभाळायला दिला होता आणि तिने तिथे वर्णभेद लागू केला. जवळजवळ सहा वर्षं सुनावण्या, कागदांचे ढीग. 18 जुलै 1966 ला निकाल आला तेव्हा न्यायाधीश 7 विरुद्ध 7 असे समसमान, आणि अध्यक्ष सर पर्सी स्पेंडर यांच्या निर्णायक मताने दावा फेटाळला. कारण काय, तर या दोन देशांचा स्वतःचा असा कायदेशीर हक्क यात गुंतलेला नाही. वर्णभेद योग्य की अयोग्य, यावर निर्णयच नाही. समाजाच्या वतीने कुणीही उठून दावा लावावा, अशी सोय आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असं न्यायालय म्हणालं. आपल्या भाषेत सांगायचं तर जनहित याचिका दाखल करून घेणार नाही.

त्या निकालाने आफ्रिका-आशियातले देश खवळले. न्यायालयाची पत इतकी घसरली की पुढची काही वर्षं हेगकडे फारसं कुणी फिरकेना. मग 1970 साली न्यायालयाला बोलायची संधी मिळाली, तीही एका वीज कंपनीच्या खटल्यात. बार्सिलोना ट्रॅक्शन नावाची ही कंपनी कॅनडात नोंदलेली, वीज पुरवायची स्पेनमध्ये आणि भागधारक बहुतांश बेल्जियमचे. स्पेनने तिचं दिवाळं काढलं म्हणून बेल्जियम भांडायला आलं. न्यायालय म्हणालं, कंपनी कॅनडाची आहे, भांडायचं तर कॅनडाने. बेल्जियम हरलं. पण जाता जाता न्यायालयाने दोन परिच्छेद लिहिले, 33 आणि 34. काही बंधनं सगळ्या आंतरराष्ट्रीय समुदायाप्रति असतात आणि त्यांच्या रक्षणात सर्वच देशांचं कायदेशीर हितसंबंध असतं. उदाहरणं दिली आक्रमण, वंशसंहार, गुलामगिरी, वांशिक भेदभाव. विजेच्या भागधारकांचा वर्णभेदाशी काडीचा संबंध नव्हता. 1966 चं पाप धुवायला ते लिहिलं असं माझ्यासकट अनेकांचं मत आहे. पण लक्षात घ्या, ‘हितसंबंध आहे’ असं म्हटलं, ‘म्हणून खटला चालवता येईल’ असं म्हटलं नाही. विधान 3 ची सगळी गोम या फटीत आहे.

ही फट किती रुंद आहे ते पूर्व तिमोरने दाखवलं.

तिमोर हे इंडोनेशियाच्या बेटांच्या माळेतलं, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचं बेट. त्याचा पूर्व भाग पोर्तुगीजांकडे होता. एप्रिल 1974 मध्ये लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली आणि पोर्तुगालने वसाहती सोडायला सुरुवात केली. (हीच ती क्रांती, जिच्यानंतर त्या वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.) 28 नोव्हेंबर 1975 ला तिमोरच्या फ्रेटिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं. 7 डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. स्वातंत्र्य नऊ दिवस टिकलं. पुढच्या वर्षी इंडोनेशियाने तो आपला 27 वा प्रांत म्हणून जोडून टाकला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ‘सैन्य मागे घ्या’ म्हणून दोन ठराव केले, 384 आणि 389. सैन्य हललं नाही. पुढे तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने संघर्षातल्या आणि उपासमारीच्या मृत्यूंचा जो हिशोब केला, तो कमीत कमी 1 लाखाच्या वर गेला.

आता यात ऑस्ट्रेलिया कुठून आला? समुद्रातून. ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाने 1972 मध्ये समुद्रतळाची हद्द आखली होती, पण पोर्तुगीज तिमोरच्या समोरचा तुकडा पोर्तुगालशी न जमल्याने मोकळा राहिला. त्याचं नावच पडलं तिमोर गॅप. खाली तेल आणि वायू. तो तुकडा आखायचा तर तिमोरच्या किनाऱ्याचा मालक कोण हे कुणीतरी मान्य करायला हवं. ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाचा ताबा कायदेशीर मानला आणि 11 डिसेंबर 1989 ला दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, गॅरेथ इव्हान्स आणि अली अलातास यांनी, तिमोरच्या समुद्रावरून उडणाऱ्या विमानात बसून करारावर सह्या केल्या. मधल्या पट्ट्याचं उत्पन्न निम्मं-निम्मं. ज्यांचा समुद्र, ते खाली जमिनीवर बंदुकीच्या धाकात.

22 फेब्रुवारी 1991 ला पोर्तुगाल हेगला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी तिमोरचा प्रशासक अजूनही तोच होता. त्याचं म्हणणं असं, की तिमोरच्या लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, तो हक्क एर्गा ओम्नेस आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियासुद्धा तो पाळायला बांधील आहे, आणि घुसखोराशी तेलाचा करार करून ऑस्ट्रेलियाने तो मोडला.

इथे आपल्या भागातल्या माणसाला थोडं हसू येतं. हाच पोर्तुगाल 22 डिसेंबर 1955 ला याच न्यायालयात भारताविरुद्ध गेला होता. 1954 मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, त्यानंतर दमणहून तिथे जायला आमच्या सैन्याला, पोलिसांना वाट द्या, असा त्याचा दावा. न्यायालयाचं कार्यक्षेत्र त्याने मान्य केलं 19 डिसेंबरला आणि तीन दिवसांत दावा ठोकला. भारताच्या बाजूने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छागला. 1960 च्या निकालात खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मान्य झाला, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नाही, आणि भारताने काही मोडलं नाही असं ठरलं. तेव्हा पोर्तुगाल म्हणत होता की आम्हाला वसाहती नाहीतच, हे आमचे समुद्रापारचे प्रांत आहेत. आणि 36 वर्षांनी तोच तिमोरच्या जनतेचा स्वयंनिर्णय मांडायला उभा. सरकार बदललं होतं, राज्यघटना बदलली होती, हे खरं. तरी गोव्यातल्या जुन्या स्वातंत्र्यसैनिकांनी ती बातमी कशी वाचली असेल, असा विचार मनात येतोच.

असो. खटल्याची अडचण दुसरीच होती. पोर्तुगालने दावा लावला ऑस्ट्रेलियावर, पण खरा घुसखोर होता इंडोनेशिया. मग त्याच्यावरच का नाही? कारण इंडोनेशियाने हेगच्या न्यायालयाचं कार्यक्षेत्र मान्यच केलेलं नव्हतं. आणि हे न्यायालय आपल्या तालुक्याच्या कोर्टासारखं नाही. समन्स काढलं आणि पाटलापासून पोरापर्यंत सगळे हजर, असं तिथे होत नाही. त्यापेक्षा ते गावच्या तंटामुक्ती समितीसारखं आहे. दोन्ही बाजू ‘आम्हाला मान्य’ म्हणाल्या तरच बसायचं. ही संमती आधीच जाहीरनाम्याने देता येते, एखाद्या करारात लिहून देता येते, किंवा त्या प्रसंगापुरती देता येते. पण कुठून तरी आलेली असलीच पाहिजे. ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगालने जाहीरनाम्याने ती दिलेली होती.

30 जून 1995 ला निकाल आला, 14 विरुद्ध 2. समजायला आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. बाळूने शंकरकडून जमीन घेतली. सखुबाई म्हणते, जमीन माझी, शंकरला विकायचा हक्कच नव्हता. ती दावा लावते फक्त बाळूवर, कारण शंकर कोर्टाला मानत नाही आणि कोर्ट त्याला आणू शकत नाही. आता बाळू चुकला की नाही हे ठरवायला आधी काय ठरवावं लागेल? शंकर मालक होता की नाही. आणि शंकर गैरहजर. त्याचं म्हणणं न ऐकता त्याचा हक्क ठरवायचा कसा? हेगने नेमकं हेच म्हटलं. ऑस्ट्रेलियाने गैर केलं का, याचं उत्तर इंडोनेशियाला तिमोरच्या वतीने करार करायचा अधिकार होता का, यावर अवलंबून आहे, आणि इंडोनेशिया इथे नाही. हे तत्त्व 1954 च्या नाझींनी लुटलेल्या सोन्याच्या एका खटल्यातून आलेलं, म्हणून त्याला मॉनेटरी गोल्डचं तत्त्व म्हणतात.

सुरक्षा परिषदेच्या ठरावांनी इंडोनेशियाचं चुकलेलं आधीच ठरवून ठेवलंय, न्यायालयाला नव्याने काही ठरवायचं नाही, असाही युक्तिवाद पोर्तुगालने केला. न्यायालयाला ते ठराव इतके पुरेसे वाटले नाहीत.

आणि मग परिच्छेद 29. स्वयंनिर्णयाचा हक्क एर्गा ओम्नेस आहे हे पोर्तुगालचं म्हणणं बिनतोड आहे, असं न्यायालयाने मान्य केलं. आणि त्याच दमात सांगितलं, की नियम एर्गा ओम्नेस असणं आणि कार्यक्षेत्राला संमती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंधन कितीही मोठं असो, गैरहजर देशाच्या वागण्याचा निवाडा त्यातून होणार असेल तर आम्ही करणार नाही. विरोधात गेलेल्या दोघांत एक श्रीलंकेचे क्रिस्टोफर वीरमंत्री होते. ऑस्ट्रेलिया समोर उभा आहे, त्याचं स्वतःचं कर्तव्य स्वतंत्रपणे तपासता येतं, इंडोनेशियाची गरज नाही, असं त्यांचं मत. मला विचाराल तर वीरमंत्रींचं मत जास्त पटतं. दुसऱ्याचा माल चोरीचा आहे हे जगजाहीर असताना तो विकत घेणारा ‘आधी चोराला हजर करा’ म्हणाला, तर आपण ऐकून घेत नाही. पण पेपरात उत्तर लिहायचं ते 14 जणांचं.

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. इंडोनेशियात सुहार्तो गेले. 30 ऑगस्ट 1999 ला तिमोरमध्ये सार्वमत झालं, 78.5 टक्के लोक स्वातंत्र्याच्या बाजूने. नंतर भयंकर जाळपोळ झाली, मग आंतरराष्ट्रीय फौज आणि संयुक्त राष्ट्रांचं प्रशासन आलं. 20 मे 2002 ला तिमोर-लेस्ते स्वतंत्र झाला. विमानातला तो करार कुठल्याही न्यायालयाने कलम 53 खाली रद्द केला नाही. तो इंडोनेशिया निघून गेल्यावर गळून पडला. तसं पाहिलं तर हेगच्या न्यायालयाने जस कोजेन्सच्या विरुद्ध म्हणून आजवर एकही करार रद्द ठरवलेला नाही. विधान 1 कागदावर शंभर टक्के बरोबर आहे, एवढंच.

आणि ऑस्ट्रेलियाने काय केलं? तिमोर स्वतंत्र व्हायच्या दोन महिने आधी, मार्च 2002 मध्ये, समुद्रहद्दीच्या वादांपुरती हेगच्या न्यायालयाला दिलेली आपली संमती काढून घेतली. नवा, गरीब शेजारी स्वतःच्या नावाने दारात येण्याआधीच दाराला कडी. तिमोरने शेवटी 2016 मध्ये समुद्रकायद्याच्या संहितेतली सक्तीच्या समेटाची तरतूद शोधून काढली, जी तोपर्यंत कुणी वापरली नव्हती, आणि मार्च 2018 मध्ये कायम हद्दीचा करार पदरात पाडून घेतला.

मग एर्गा ओम्नेसचा न्यायालयात काहीच उपयोग नाही का? आहे, पण दार दुसऱ्या बाजूने आहे. संमती जर एखाद्या बहुदेशीय करारातच लिहिलेली असेल, तर त्या करारात सामील असलेला कोणताही देश दावा लावू शकतो, त्याची स्वतःची माणसं मेलेली नसली तरी. याला एर्गा ओम्नेस पार्टेस म्हणतात, म्हणजे करारातल्या सगळ्यांप्रति. 2012 मध्ये बेल्जियमने सेनेगलविरुद्ध असा दावा जिंकला. चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे सेनेगलमध्ये सुखाने राहत होता, छळविरोधी करारानुसार त्याच्यावर खटला भरा किंवा त्याला सोपवा, असा निकाल आला. 2016 मध्ये डाकारमध्ये हाब्रेला जन्मठेप झाली. 2019 मध्ये रोहिंग्यांसाठी गांबिया म्यानमारविरुद्ध गेला तो वंशसंहारविरोधी कराराच्या कलम 9 वरून. गांबियाचा काय संबंध, हा म्यानमारचा आक्षेप 2022 मध्ये 15 विरुद्ध 1 ने फेटाळला गेला. डिसेंबर 2023 मध्ये गाझासाठी इस्रायलविरुद्ध त्याच कलमावर कोण गेलं? दक्षिण आफ्रिका. 1966 चा तोच प्रतिवादी देश, राजवट मात्र पूर्ण वेगळी.

इथे भारताचाही एक कागद आहे. भारताने 1959 मध्ये वंशसंहारविरोधी करार स्वीकारला, पण कलम 9 वर अट घालून. आमच्याविरुद्ध प्रकरण न्यायचं तर प्रत्येक वेळी आमची संमती लागेल. 1973 मध्ये पाकिस्तान 195 युद्धकैद्यांच्या प्रश्नावर, त्यांना खटल्यासाठी बांगलादेशाकडे देऊ नये म्हणून, याच कलमावर हेगला गेला, तेव्हा भारताने हीच अट दाखवली. त्याच वर्षी पाकिस्तानने दावा मागे घेतला. पुढे 2006 मध्ये काँगो विरुद्ध रवांडा खटल्यात न्यायालयाने वंशसंहाराची बंदी जस कोजेन्स आहे असं प्रथमच स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि तरीही रवांडाची कलम 9 वरची तशीच अट ग्राह्य धरून खटला काढून टाकला. म्हणजे विधान 3 मध्ये ‘एर्गा ओम्नेस’च्या जागी ‘जस कोजेन्स’ घालून दिलं तरी उत्तर चूकच.

पोरांनो, आणखी एक सापळा सांगून थांबतो. ‘पूर्व तिमोर खटल्यात न्यायालयाने स्वयंनिर्णयाचा हक्क जस कोजेन्स असल्याचे घोषित केले’ असं विधान दिसलं तर टिक करू नका. 1995 मध्ये शब्द होता एर्गा ओम्नेस. 2019 मध्ये चागोस बेटांबद्दलच्या सल्ला-मतातही तोच. परकीय ताब्याच्या संदर्भात स्वयंनिर्णय हा जस कोजेन्सचा नियम आहे, असं न्यायालयाने म्हटलं ते 19 जुलै 2024 च्या पॅलेस्टाईनवरच्या सल्ला-मतात. जुन्या गाईड्समध्ये हे नाही, पानाच्या कडेला पेनाने लिहून ठेवा.